नाक लांब झालं, पण शिकवलं कुणी?

मागच्या खेपेला आपण मुलांच्या वाचनाबद्दल बोललो, तेव्हा गटातल्या कितीतरी जणींनी एकच प्रश्न विचारला. पोरासाठी चार पैसे मोडून गोष्टीचं पुस्तक आणायचं, तर त्यातून त्यानं काही चांगलं घ्यावं असं वाटतं. पण ‘संस्कारांच्या गोष्टी’ असं वर छापलेलं पुस्तक आणलं की पोरगं दोन पानं वाचून बाजूला ठेवतं. आणि जादूच्या, राक्षसाच्या, बोलणाऱ्या प्राण्यांच्या कादंबरीत डोकं घालून बसतं. मग नेमकं आणायचं काय? दुकानात उभ्या उभ्या कसं ओळखायचं, की या पुस्तकातली शिकवण गोष्टीतून आलेली आहे की वरून चिकटवलेली?

आज आम्ही एकच पुस्तक हातात घेऊन बोलणार आहोत. कारण त्या एका पुस्तकात दोन्ही प्रकार शेजारीशेजारी सापडतात. पुस्तक आहे पिनोकिओचं. खोटं बोलला की नाक वाढणारा लाकडी बाहुला, तोच. आपल्या मुलांना तो बहुतेक कार्टूनमधून माहीत असतो. पण मूळ पुस्तक इटली देशातलं. कार्लो कोलोदी नावाच्या लेखकानं ते 1881 सालापासून मुलांच्या एका साप्ताहिकात तुकड्यातुकड्यानं लिहिलं. पंधराव्या प्रकरणात बाहुल्याला चोरांनी झाडाला फाशी दिलं आणि गोष्ट तिथंच संपवली होती. वाचकांना ते रुचेना, म्हणून लेखकाला गोष्ट पुन्हा सुरू करावी लागली. 1883 मध्ये छत्तीस प्रकरणांचं पूर्ण पुस्तक निघालं.

कार्टून पाहिलेल्यांना एक रातकिडा आठवत असेल, टोपी घातलेला, पिनोकिओचा सोबती. तो 1940 सालच्या चित्रपटातला. पुस्तकात काय होतं ते ऐका. चौथ्याच प्रकरणात भिंतीवर बसलेला म्हातारा रातकिडा पिनोकिओला सांगू लागतो, की आईबापाचं न ऐकणाऱ्या मुलांचं कधी भलं होत नाही, शाळेत जा, नाहीतर एखादा धंदा शीक. पिनोकिओ म्हणतो, मला एकच धंदा आवडतो, खायचं, प्यायचं, झोपायचं आणि दिवसभर भटकायचं. रातकिडा म्हणतो, असा धंदा करणारे शेवटी दवाखान्यात नाहीतर तुरुंगात जातात. यावर पिनोकिओ चिडून लाकडी हातोडा फेकून मारतो, आणि रातकिडा भिंतीवर चिकटून तिथंच मरतो.

आपल्याला हे वाचून धस्स होतं. पण मुलं हसतात. कारण कुणीतरी दिवसरात्र कानीकपाळी ओरडत असलं की आपल्यालाही काहीतरी भिरकावून द्यावंसं वाटतं, हे त्यांना ओळखीचं आहे. लेखकानं उपदेश करणाऱ्यालाच पहिल्यांदा गप्प केलं, आणि मुलाला आतून सांगितलं, की इथं तुझ्यावर पाळत ठेवायला कुणी बसलेलं नाही. त्यानंतर पिनोकिओला भूक लागते. घरात काही नाही. कचऱ्यात एक अंडं सापडतं, ते फोडावं तर आतून पिल्लू निघून भुर्रकन उडून जातं. रात्री तो शेगडीवर पाय ठेवून झोपतो आणि त्याचे लाकडी पाय जळून जातात. रातकिड्यानं जे सांगितलं होतं त्यातलं निम्मं खरं ठरतं. फरक इतकाच, की आता ते कुणी सांगत नाही, ते घडतं.

आता ओळखण्याची पहिली रीत. आम्ही तिला ‘बोट ठेवून वाचणं’ म्हणतो. पुस्तकात जिथं मोठं माणूस, परी किंवा प्राणी मुलाला चार गोष्टी समजावून सांगतो, ती जागा शोधा. त्या ओळींवर बोट किंवा तळहात ठेवा. आणि फक्त घडलेलं वाचा. बोलणं झाकल्यावरही शिकवण कळली, तर ती गोष्टीची आहे. झाकल्यावर काहीच उरलं नाही, तर ती वरून चिकटवलेली.

याच पुस्तकातले नाशपातीचे प्रसंग घेऊन करून पाहू. पाय जळालेला पिनोकिओ उपाशी आहे. त्याला घडवणारा म्हातारा सुतार जेपेटो घरी येतो. त्याच्या खिशात तीन नाशपाती आहेत, ती त्याची स्वतःची न्याहारी. ती तो पोराला देतो. पोरगं म्हणतं, साल काढून दे, मी सालीसकट खात नाही. जेपेटो मुकाट्यानं तिन्ही सोलतो आणि साली टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवतो. पोरगं एक फळ दोन घासांत संपवतं आणि मधला बियांचा गाभा टाकून द्यायला निघतं. म्हातारा हात धरतो, टाकू नको. पोरगं ओरडतं, मी गाभा कधीच खाणार नाही! गाभेही सालीशेजारी जाऊन बसतात. तिन्ही फळं संपतात. पिनोकिओ मोठी जांभई देतो आणि म्हणतो, अजून भूक आहे. म्हातारा सांगतो, आता साली आणि गाभ्याशिवाय काही नाही. मग तोंड वाकडं करत तो एक साल खातो. मग दुसरी. मग सगळ्या साली. मग गाभेही. आणि शेवटी पोटावर हात मारून म्हणतो, हां, आता बरं वाटलं.

या प्रसंगात जेपेटोनं उपदेशही केला आहे. अन्नात फार आवडनिवड करू नये, कधी काय वेळ येईल सांगता येत नाही, असं तो आधीही बोलतो आणि नंतरही. त्यावर बोट ठेवा. काय बिघडलं? काहीच नाही. सालींची रास टेबलावर दिसते आहे, पोरगं ती खाताना दिसतं आहे, आणि म्हाताऱ्याच्या पोटात स्वतःला काहीच गेलं नाही हेही कळतं. ही शेवटची गोष्ट तर कुणी बोललेलंच नाही. मूल ती स्वतः शोधतं, आणि स्वतः शोधलेलं विसरत नाही.

यावरून एक गोष्ट लक्षात घ्या. पुस्तकात उपदेशाची दोन वाक्यं आहेत म्हणून ते लगेच परत ठेवायचं कारण नाही. आपण स्वतः घरात किती उपदेश करतो! मोठं माणूस बोलणारच. उपदेशाखाली गोष्ट उभी आहे का, एवढंच पाहायचं. याच पुस्तकाच्या शेवटी परी स्वप्नात येते आणि आईबापाची सेवा करणाऱ्या मुलांबद्दल चांगलंच लांब बोलते. तिथं बोट ठेवलं तर खाली काही राहत नाही, कारण जे घडायचं ते आधीच घडून गेलं आहे. ते पान आम्हाला कोरडं वाटतं. मुलंही ते भराभर उलटतात, बघा.

दुसरी रीत जरा अवघड आहे, पण तीच जास्त उपयोगाची. पुस्तकातलं मूल ज्या मोहाला बळी पडतं, तो मोह वाचणाऱ्यालाही पडतो का? उपदेशी पुस्तकात वाईट मुलगा उगीचच वाईट असतो. त्याला वाईट मित्र भेटतात, त्यांचे चेहरेही वाईट काढलेले असतात. वाचणारं मूल म्हणतं, मी काही असा नाही. आणि तिथंच शिकवण वाया गेली. चांगल्या पुस्तकात वाचणाऱ्याला वाटतं, मीही हेच केलं असतं.

सोन्याच्या नाण्यांची गोष्ट ऐका. ही आपल्या गटांमध्ये ऐकवण्यासारखी आहे. बाहुल्यांचा खेळ करणारा एक दाढीवाला माणूस पिनोकिओला पाच सोन्याची नाणी देतो, बापासाठी. कारण बापानं या पोराच्या बाराखडीच्या पुस्तकासाठी थंडीच्या दिवसांत आपला एकुलता एक कोट विकलेला असतो. (कोट का विकला, असं पोरानं विचारल्यावर म्हातारा म्हणतो, मला फार उकडत होतं. बस्स, एवढंच. यावर बोट ठेवायलाही काही नाही.) आणि त्या पोरानं ते पुस्तक विकून खेळाचं तिकीट काढलेलं असतं. आता नाणी मिळाल्यावर त्याला घरी जाऊन बापाला नवा कोट घ्यायचा आहे. म्हणजे मन चांगलं आहे, हे धरून चला.

वाटेत भेटतात लंगडण्याचं सोंग करणारा कोल्हा आणि आंधळेपणाचं सोंग करणारं मांजर. कोल्हा म्हणतो, नाणी दुप्पट करायची आहेत का? दुप्पट कशाला, शंभरपट, हजारपट? एक शेत आहे. तिथं छोटासा खड्डा करायचा, नाणं पुरायचं, वर दोन बादल्या पाणी आणि चिमूटभर मीठ घालायचं. रात्रीतून झाड येतं, त्याला नाणीच नाणी. एका नाण्याची पाचशे होतात. पिनोकिओ लगेच हिशेब करतो, पाचाची अडीच हजार! आणि आनंदानं म्हणतो, त्यातली दोन हजार मी ठेवीन आणि पाचशे तुम्हा दोघांना बक्षीस देईन. यावर कोल्हा रागावल्यासारखं करतो. आम्हाला बक्षीस? आम्ही आमच्या फायद्यासाठी काही करत नाही, दुसऱ्यांचं भलं व्हावं एवढंच बघतो.

मैत्रिणींनो, हे बोलणं ओळखीचं वाटलं ना? इतक्या महिन्यांत दामदुप्पट म्हणून गावात येणारी माणसंही असंच गोड बोलतात आणि स्वतःला काही नको असं दाखवतात. जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी दूरच्या देशात लिहिलेल्या गोष्टीत तीच भाषा आहे. आणि ऐकणारा मूर्ख नाही. त्याला हिशेब येतो, बापाची काळजी आहे. म्हणूनच तो फसतो. हे वाचताना आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यातही अडीच हजार नाणी खुळखुळतात. तेही मनातून खड्डा खणायला निघतं.

या प्रसंगात सावध करणारा एक पांढरा पक्षी आहे. तो कुंपणावरून म्हणतो, वाईट संगतीचं ऐकू नको. मांजर झडप घालून त्याला पिसांसकट गिळून टाकतं. पुन्हा उपदेशकाचं तोंड बंद! लेखक खट्याळ होता यात शंका नाही. पण अशानं मुलाला स्वतः विचार करावा लागतो. आंधळं म्हणवणाऱ्या मांजराला पक्षी दिसला कसा, हे तुमचं पोरगं तुमच्या आधी ओरडून सांगेल. तिथं ते पिनोकिओपेक्षा शहाणं ठरतं, आणि मुलांना त्याचा फार आनंद होतो.

पुढं एक नाणं खाणावळीत उडतं, मधे चोर पाठीस लागतात, परीच्या घरी नाक वाढायचा प्रसंग होतो, आणि शेवटी उरलेली चार नाणी पिनोकिओ खरंच त्या शेतात पुरतो. परत येऊन पाहतो तर खड्डा रिकामा. झाडावरचा एक पोपट हसतो, त्याच्याकडून कळतं की त्या दोघांनी नाणी काढून नेली. पिनोकिओ न्यायाधीशाकडं धावतो. न्यायाधीश आहे एक म्हातारा गोरिला. तो सगळं ऐकतो, हळहळतो, आणि मग शिपाई कुत्र्यांना सांगतो, या बिचाऱ्याची चार नाणी चोरीला गेली, म्हणून याला तुरुंगात टाका. चार महिने तो आत राहतो. तिथला राजा एक लढाई जिंकतो आणि खुशीत सगळ्या चोरांना सोडून देतो. पिनोकिओला मात्र सोडत नाहीत, कारण तो चोर नाही. तेव्हा तो म्हणतो, मीही चोर आहे. मग तुरुंगाचा राखणदार टोपी काढून, नमस्कार करून त्याला बाहेर जाऊ देतो.

इथं तिसरी रीत दिसते. केलेल्या चुकीतून काय होतं, ते तपासा. उपदेशी पुस्तकात शिक्षा अगदी मोजून येते. खोटं बोललास, घे शिक्षा. खरं बोललास, घे बक्षीस. जग असं चालत नाही हे मुलांना पहिलीतच कळतं, कारण वर्गात मारणारा एक आणि ओरडा खाणारा दुसराच असतो. पुस्तकानं ते लपवलं की मुलाचा पुस्तकावरचा विश्वास उडतो. कोलोदीनं फसलेल्यालाच तुरुंगात टाकलं. यातून ‘लोभ करू नये’ हे तर येतंच, पण लुबाडला गेलेल्यालाच लोक नावं ठेवतात, हेही येतं. फसवल्या गेलेल्या बाईला पोलीस ठाण्यात काय ऐकावं लागतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता शेवटाकडं येऊ. शेवटच्या पानांवर मूल कसं सुधारतं, तेही पाहायचं. पिनोकिओचा एक लाडका दोस्त आहे, उंच, काटकुळा. म्हणून सगळे त्याला दिव्याची वात म्हणतात. हे दोघं पळून अशा गावात जातात जिथं शाळा नाही, पुस्तकं नाहीत, रोज खेळ. पाच महिन्यांनी दोघांनाही गाढवाचे कान फुटतात आणि ते गाढवं होतात. पिनोकिओ कसाबसा सुटतो. पुढं म्हातारा बाप आजारी आहे, त्याला पेलाभर दूध हवं. शेजारचा माळी म्हणतो, पैसे नसतील तर रहाट फिरव, शंभर बादल्या पाणी काढ, मग दूध देतो. आजवर रहाट माझं गाढव ओढायचं, ते आता मरायला टेकलंय. पिनोकिओ गोठ्यात जातो. गाढव ओळखीचं वाटतं. तो त्याच्या भाषेत विचारतो, तू कोण? गाढव डोळे उघडून दोस्ताचं नाव सांगतं आणि मान टाकतं. पिनोकिओ मूठभर गवत घेऊन डोळे पुसतो. माळी हसतो. माझं पैसे देऊन घेतलेलं गाढव मेलं आणि रडतोस तू? पिनोकिओ म्हणतो, तो माझ्या वर्गात होता. माळी आणखी जोरात हसतो. वर्गात गाढवं! वा, काय शिक्षण झालं असेल! पिनोकिओ काही बोलत नाही. दुधाचा पेला उचलून घरी जातो.

त्या दिवसापासून पाच महिन्यांहून अधिक काळ तो पहाटे उठून रहाट ओढतो. जे काम करत दोस्त मेला, तेच काम. कुणीही म्हणत नाही, ‘बघ, आळसाचं फळ’. आमच्या मते सबंध पुस्तकातली सर्वांत भारी जागा हीच. आणि सुधारणा एका रात्रीत होत नाही, हेही ध्यानात घ्या. या पोरानं छत्तीस प्रकरणांत कितीदा तरी ‘आता शहाण्यासारखा वागेन’ म्हटलंय आणि पुन्हा घसरलंय. एकच चूक, एकच शिक्षा आणि दुसऱ्या दिवशी गुणी बाळ, असं पुस्तक दिसलं तर खुशाल परत ठेवा.

पण गोष्ट छान आहे म्हणून तिची शिकवण बरोबरच असेल, असंही समजू नका. उलट अशाच पुस्तकात जास्त सावध राहावं लागतं, कारण ती आत उतरते. शेवटच्या प्रकरणात कोल्हा आणि मांजर पुन्हा भेटतात. आता कोल्हा खरंच अपंग झालाय आणि मांजर खरंच आंधळं. ते भीक मागतात. पिनोकिओ त्यांना चोरीच्या पैशावरच्या म्हणी ऐकवतो आणि निघून जातो. म्हणजे अपंगत्व ही पापाची शिक्षा, असा अर्थ निघतो. आपल्या वस्तीत, आपल्या घरातही अपंग मुलं असतात. इथं वाचन थांबवून मुलाशी बोलावं लागतं. पान फाडायचं नाही, वगळायचंही नाही. ‘तुला हे पटलं का?’ एवढं विचारलं तरी बोलणं सुरू होतं.

दुकानात किंवा शाळेच्या पुस्तकपेटीशी एवढं सगळं वाचायला वेळ नसतो, हे खरं. दहा मिनिटं पुरतात. पहिलं पान वाचू नका, ते सगळ्यांचंच चांगलं असतं. मधलं एखादं पान काढा, जिथं मूल काहीतरी चुकीचं करतंय. तिथून तीन-चार पानं पुढं वाचा आणि बोट ठेवून बघा. मग शेवटची दोन पानं. आणि एक खास लक्षात ठेवा. मोठ्या कादंबऱ्यांच्या बारीक, चित्रांच्या आवृत्त्या स्वस्त मिळतात. जागा कमी असल्यानं त्यात घटना गाळून उपदेश ठेवतात. नाशपातीच्या साली जातात आणि ‘अन्नाला नावं ठेवू नये’ राहतं. शेवटी चौकटीत ‘तात्पर्य’ छापलेलं असेल, तर बहुधा हेच झालेलं असतं. दोन बारीक पुस्तकांऐवजी गटातल्या चार घरांनी मिळून एक पूर्ण पुस्तक घेतलं तर परवडतं, आणि ते घरोघर फिरतंही.

घरी वाचून झालं की ‘मग काय शिकलास?’ हा प्रश्न तेवढा विचारू नका. तो विचारला की चांगल्या पुस्तकाचीही आपण तात्पर्याची चौकट करून टाकतो. आम्ही वाचून दाखवतो तेव्हा नाण्यांच्या गोष्टीत गोरिलाच्या कचेरीपाशी थांबतो. पुस्तक मिटून विचारतो, न्यायाधीश आता काय करेल? मुलं म्हणतात, कोल्ह्याला पकडेल, पैसे परत देईल, पोपटाची साक्ष घेईल. एखादी मुलगी हळूच म्हणते, काहीच करणार नाही. सगळ्यांचं बोलून होऊ द्या. मग पान उलटा.